दुपारी दोन ते पाच: उन्हाळी शिबिराचा मजकूर कसा लिहावा

मार्च संपत आला की ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समर कॅम्पचे संदेश पडायला लागतात. मानपाडा असो की कासारवडवली, सुरुवात ठरलेली: "तुमचं मूल मोबाईलच्या विळख्यात तर नाही ना?" त्याखाली वीस-बावीस ॲक्टिव्हिटींची यादी, मध्ये मध्ये सूर्य आणि फुगे, शेवटी 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकास'. आई तो संदेश मोबाईलवरच वाचते, तिच्या शेजारी मूल दुसऱ्या मोबाईलवर काहीतरी बघत असतं, आणि ती पुढच्या संदेशाकडे जाते. संदेश खोटा असतो असं नाही. तो तिच्या घराबद्दल नसतो, एवढंच.

हा लेख पहिल्यांदाच शिबिराची कॉपी लिहिणाऱ्यांसाठी आहे: चित्रकलेचा क्लास चालवणाऱ्या ताई, सोसायटीच्या कमिटीतलं कुणी, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक. समजायला सोपं जावं म्हणून एकच शिबिर डोळ्यांसमोर ठेवू. वय ८ ते १२, मुलं २४, दिवस १०, वेळ सकाळी ९.३० ते १२.३०. जागा म्हणजे क्लबहाउसचा हॉल आणि बाहेरचं पोडियम गार्डन. जाहिरात जाणार ती मुख्यतः व्हॉट्सॲपवर आणि लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर.

लिहिण्याआधी घड्याळ विचारा

आठ-दहा पालकांशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नका. त्यात दोन-तीन आजी-आजोबा हवेतच, कारण सुट्टीत दुपारी मूल त्यांच्याच ताब्यात असतं. स्कूलबसच्या थांब्यावर ते सहज भेटतात.

"तुमच्या मुलाचा स्क्रीन टाइम किती?" असं मात्र विचारू नका. या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही. मुद्दाम खोटं बोलतात म्हणून नव्हे, मोजलेलंच नसतं म्हणून. शिवाय प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि माणूस सावध होतो. त्याऐवजी विचारा: "काल सुट्टी असती तर मोबाईल हातात कधी आला असता? आणि कुणी दिला असता?" आता लोक वेळ सांगतात, प्रसंग सांगतात. उत्तरं साधारण अशी येतात:

"जेवताना लावून दिलं की पोळी संपते, नाहीतर तासभर."
"दोन वाजता माझा कॉल असतो. मीच देते मग."
"आम्ही दुपारी जरा पडतो. उठून बघतो तर हा अजून तिथेच."
"हातातून घेतला की आदळआपट. त्यापेक्षा राहू दे म्हणते."

ही वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा, स्वतःच्या भाषेत 'सुधारू' नका. मग प्रत्येकासमोर वेळ लिहा. आपल्या उदाहरणात समजा दहापैकी सात जणांची वेळ दुपारी दोन ते पाच निघाली. म्हणजे काळजीचं नाव 'स्क्रीन' असलं तरी तिचा पत्ता जेवणानंतरचे तीन तास हा आहे.

दुसरी गोष्ट त्या उत्तरांतच आहे: "मीच देते." मोबाईल बहुतेक घरांत मोठ्यांनीच, नाइलाजाने, हातात दिलेला असतो. त्यामुळे 'विळखा', 'व्यसन', 'हरवलेलं बालपण' हे शब्द मुलाला लागत नाहीत, त्या आईला लागतात. आणि ज्याने आपल्याला चारचौघांत टोकलं त्याला फी भरायला कुणी उत्साहाने जात नाही. एक वाचक आणखी असतो, तो म्हणजे मूल. दहा वर्षांचं मूल आईच्या खांद्यावरून संदेश वाचतं, किंवा आईच त्याला दाखवते, "जायचं का?" त्यात आपल्यालाच रोगी ठरवलेलं दिसलं तर ते नाही म्हणणार. नोंदणीचा निर्णय बऱ्याचदा तिथेच संपतो.

जे देता येतं तेवढंच वचन

आता साधी बेरीज करा. रोज ३ तास, १० दिवस, म्हणजे ३० तास. मूल दिवसाला साधारण १४ तास जागं असतं. त्यातले ३ तुमचे, तेही सकाळचे. काळजी आहे दुपारची. १२.३० ला शिबिर सुटतं, मूल घरी जातं, जेवतं, आणि दोन वाजता ज्या जागी काल बसलं होतं त्याच जागी बसतं. तेव्हा 'मोबाईलपासून सुटका' असं लिहिलं तर तिसऱ्या दिवशी घरोघरी ते खोटं ठरलेलं असेल.

इथे मजकूर लिहिताना शिबिरातलंच भोक सापडलं. असं बऱ्याचदा होतं आणि ते चांगलं आहे, कारण मार्चमध्ये ते बुजवता येतं. वेळ दुपारी सरकवणं हा एक उपाय, पण मे महिन्यात ठाण्यातल्या उन्हात दोन वाजता शेजारच्या कॉम्प्लेक्समधून मूल कोण पाठवणार? शिबिर फक्त एकाच इमारतीपुरतं असेल तरच तो विचार करा. दुसरा उपाय स्वस्त आहे: मुलाबरोबर घरी अर्धवट काम पाठवायचं.

हे दुपारचं काम निवडताना चार गोष्टी बघा. मूल ते एकट्याने करू शकलं पाहिजे, कारण मोठं माणूस कॉलवर किंवा झोपलेलं आहे. त्यासाठी यूट्यूबवर काही बघावं लागता कामा नये. आवाज होऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी शिबिरात त्याची गरज पडली पाहिजे, नाहीतर ते पिशवीतच राहतं. भोवरा या परीक्षेत नापास होतो. आर फरशीवर ओरखडे काढते आणि खालच्या मजल्यावरचे काका तीन वाजता वर येतात. भोवरा पोडियमवरच ठेवा.

गोधडीचा तुकडा मात्र पास होतो. प्रत्येक मुलाला जुन्या, मऊ सुती साडीचा दोन थरांचा २० सेंटिमीटरचा चौकोन, मोठ्या नेढ्याची सुई आणि दोरा, सगळं एका डबीत. शिबिरात धावदोरा शिकवायचा, पेन्सिलने ओळी आखून द्यायच्या, आणि घरी रोज दोन-तीन ओळी घालायच्या. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि मूल वैतागून टाकून देतं. दहाव्या दिवशी २४ तुकडे सहा बाय चार असे जोडले की शिवणीत जाणारा कपडा वजा करूनही एक मीटरहून थोड्या जास्त लांबीची गोधडी होते. एकाचा तुकडा आला नाही तर मध्ये भोक पडतं. हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवायचं, मग आईला आठवण करावी लागत नाही.

आता वचन असं लिहिता येतं: "दुपारसाठी रोज एक काम घरी येईल." यात मोबाईल सुटेल असं म्हटलेलं नाही. दुपारी हातात दुसरं काही असेल, एवढंच म्हटलं आहे. आणि ते खरं आहे.

संशोधन वापरायचं तर नीट

शिबिराच्या मजकुरात आकडे घालायचा मोह होतो. बहुतेक आकडे फॉरवर्डमधून आलेले असतात आणि कुणी उगम विचारला तर सांगता येत नाही. असे आकडे काढून टाका. खरे आकडेही चुकीच्या जागी चिकटवले जातात, त्याची दोन उदाहरणं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस सगळ्यात जास्त फिरते: 'दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको.' ती शिफारस पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पाहण्यासाठी जास्तीत जास्त एक तास, त्याहून लहानांना अजिबात नाही. आपलं शिबिर ८ ते १२ चं. तिथे हा आकडा छापला तर एखादी डॉक्टर असलेली आई ग्रुपवरच दुरुस्ती करेल, आणि मग बाकीच्या संदेशावरही कुणाचा विश्वास राहणार नाही.

दुसरं उदाहरण चष्म्याचं. मुलं उजेडात बाहेर राहिली तर लघुदृष्टी सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं, याला आधार आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला गेला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतर शाळांत सुमारे ४० टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण बारकाईने बघा: रोज ४० मिनिटं, आणि तेही तीन वर्षं. दहा दिवसांच्या शिबिराने 'डोळ्यांचं आरोग्य सुधारेल' असं यातून निघत नाही. निघतं ते इतकंच की "रोज सकाळी ४५ मिनिटं उघड्यावर खेळ" ही ओळ वर घेण्यासारखी आहे. फायदा वाचणाऱ्याला आपोआप कळतो. तुम्ही लिहिलात की तो दावा होतो.

'२१ दिवसांत सवय बदला' हेही असंच सुभाषित. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे मोजलं गेलं, तेव्हा माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक निघाला. दहा दिवसांच्या शिबिराने सवयीबद्दल गप्प बसावं हे बरं. 'डिजिटल डिटॉक्स' आणि 'व्यसनमुक्ती' हे शब्दही टाळा. ते उपचाराचे शब्द आहेत आणि तुमच्याकडे उपचार करणारा माणूस नाही.

शिबिर लहान आहे म्हणून कायदा लागत नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा केला तर तो सिद्ध करता आला पाहिजे. पहिल्या गुन्ह्याला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सोसायटीच्या शिबिरावर लगेच कुणी येणार नाही हे खरं, पण स्क्रीनशॉट कायम राहतो.

पहिल्या तीन ओळी

व्हॉट्सॲप लांब संदेश कापतं आणि खाली 'अधिक वाचा' दाखवतं. तिथे बोट लावायचं की नाही हे वरच्या भागावर ठरतं. वरच्या तीन ओळींत तीन गोष्टी हव्यात: ती वेळ, ते वय, ती जागा. शिबिराचं नाव तिथे नको. 'किलबिल', 'धमाल मस्ती' वगैरे नावं तुम्हाला प्रिय असतात, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. नाव खाली टाका.

नवखे लोक बहुधा असा मजकूर लिहितात:

> 🌞 पालकांनो, जागे व्हा! 🌞 आजची मुलं मोबाईलच्या आहारी गेली आहेत! आपल्या पाल्याचं हरवलेलं बालपण परत मिळवा! आमच्या १० दिवसीय निवासी-नसलेल्या डिजिटल डिटॉक्स समर कॅम्पमध्ये पारंपरिक खेळ, आर्ट अँड क्राफ्ट, योगा, झुंबा, कुकिंग विदाउट फायर, पब्लिक स्पीकिंग आणि बरंच काही! अनुभवी मार्गदर्शक! मर्यादित जागा!

'जागे व्हा' म्हणजे तुम्ही झोपला होतात. 'बरंच काही' म्हणजे काहीच नाही. 'निवासी-नसलेल्या' हा शब्द कुणी घरात बोलत नाही. 'पाल्य' हा शाळेच्या परिपत्रकातला शब्द, कोणतीही आई "माझा पाल्य जेवला नाही" म्हणत नाही. 'मर्यादित जागा' सगळेच लिहितात, त्यापेक्षा '२४ मुलं' हा आकडा जास्त बोलतो. आणि यात एकही गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहत नाही.

डोळ्यांसमोर उभं करायचं तर यादी तोडून एक-दोन गोष्टी जवळून दाखवाव्या लागतात. 'पारंपरिक खेळ' ऐवजी 'लगोरी: सात ठिकऱ्या, एक चेंडू, दोन संघ'. भोवरा असेल तर आणखी छान लिहिता येतं, कारण त्यात प्रगती दिसते. पहिल्या दिवशी जाळी नीट गुंडाळली जात नाही, भोवरा आडवा पडून घरंगळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उभा फिरतो. "पहिल्या दिवशी भोवरा आडवा पडेल" ही ओळ जाहिरातीत उलटी वाटेल, पण पालकांना त्यातच विश्वास वाटतो: इथे माणसांनी खरंच मुलांबरोबर भोवरा फिरवलेला आहे. शिवाय मोबाईलवरच्या खेळाशी याचा फरक काय हे एकही टोमणा न मारता कळतं. तिथे पहिल्या मिनिटाला बक्षीस मिळतं, इथे चौथ्या दिवशी.

तुमचे स्वतःचे मोबाईल

स्क्रीनबद्दल बोलणाऱ्या शिबिराची फजिती सर्वात जास्त इथे होते. मजकुरात 'नो मोबाईल झोन' आणि पहिल्याच दिवशी चार ताई चार फोनांवर रील काढतायत, मुलांना "परत एकदा उडी मार" सांगतायत. मुलं घरी जाऊन संध्याकाळी आईच्या फोनवर ते रील किती जणांनी पाहिलं ते बघतात.

तेव्हा मजकुरात मोबाईलचा नियम स्पष्ट लिहा, आणि तो आधी मोठ्यांसाठी लिहा. आपल्या उदाहरणात तो असा: हॉलमध्ये एकच फोन चालू राहील, तातडीच्या कामासाठी. रोज १२.४५ ला पालकांच्या ग्रुपवर तीन फोटो येतील, मध्ये येणार नाहीत. मुलाकडे फोन असेल तर दारात नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवू आणि सुटताना परत देऊ. 'आणू नये' एवढंच लिहून भागत नाही. रिक्षाने एकटं येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला आई फोन देणारच, आणि तिने तो लपवून आणण्यापेक्षा पाकिटात ठेवलेला बरा.

फोटोंसाठी नोंदणीच्या फॉर्मवर वेगळी परवानगी घ्या: पालकांच्या ग्रुपवर चालेल का, जाहिरातीत चालेल का, असे दोन वेगळे चौकोन. गेल्या वर्षीचे फोटो यंदाच्या पोस्टरवर टाकायचे तर तेव्हाची लेखी परवानगी हातात असली पाहिजे. नसेल तर मुलांचे चेहरे न दिसणारा फोटो घ्या. सुई-दोरा धरलेले दोन छोटे हात पोस्टरवर ओळीने उभ्या हसऱ्या मुलांपेक्षा चांगले दिसतात.

पूर्ण संदेश

आता सगळं एकत्र. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला.

> *सुट्टीत दुपारी दोन ते पाच काय करायचं?*
> ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, क्लबहाउसमध्ये, ४ मेपासून दहा दिवस, सकाळी.
> आणि दुपारसाठी रोज एक काम घरी येईल.
>
> सकाळी ९.३० ते १०.१५ पोडियमवर खेळ: लगोरी, विटी-दांडू, भोवरा. पहिल्या दिवशी भोवरा आडवा पडेल. त्यासाठीच दहा दिवस आहेत.
> ऊन चढलं की हॉलमध्ये: कैरीचं पन्हं, पानांचे ठसे, आणि गोधडी. प्रत्येक मूल एक चौकोन शिवेल. तो चौकोन रोज डबीतून घरी येईल, दुपारी दोन-तीन ओळी घालायच्या. त्याला मोठ्यांची मदत लागत नाही. शेवटच्या दिवशी २४ चौकोनांची एक गोधडी होईल.
>
> मोबाईलबद्दल: हॉलमध्ये आमचा एकच फोन चालू असेल. रोज १२.४५ ला तीन फोटो पाठवू. मुलांचे फोन दारात पाकिटात राहतील.
> घरी मोबाईल किती द्यायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यावर आम्ही भाषण देणार नाही.
>
> ४ ते १५ मे, शनिवार-रविवार सुट्टी. ९.३० ते १२.३०. मुलं २४, मोठी माणसं ४, पूर्ण वेळ.
> फी ३,५०० रुपये. साहित्य आणि रोजचं सरबत त्यातच. डबा घरून.
> घ्यायला कोण येणार त्याचं नाव फॉर्मवर लिहा. दुसऱ्या कुणाबरोबर मूल सोडणार नाही.
> नावनोंदणी: (नाव आणि नंबर), संध्याकाळी ६ ते ८.

'भाषण देणार नाही' ही ओळ कमिटीतलं कुणीतरी काढायला सांगेल. काढू नका. बाकीच्या सगळ्या शिबिरांचे संदेश नेमकं भाषणच देत असतात, आणि आईला इथे हलकं वाटतं. पहिली ओळ ठळक दिसावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना `*` टाकलेला आहे. ठळक ओळ एकच ठेवा, चार ठेवल्या तर डोळा कुठेच थांबत नाही.

चित्राचं पोस्टर करणार असाल तर तारखा, वय, वेळ आणि नंबर चित्रावरही हवा. फॉरवर्ड करताना चित्राखालचा मजकूर बऱ्याचदा गळून पडतो आणि तिसऱ्या सोसायटीत नुसतं चित्र पोचतं. उलट सगळा मजकूर चित्रात कोंबला तर आजोबांना बोटांनी मोठा करून वाचावा लागतो, आणि ते वाचत नाहीत. नोटीस बोर्डावरच्या कागदावर फक्त पहिल्या तीन ओळी आणि शेवटची तारीख-फीची ओळ पुरे, तीही लिफ्टची वाट बघताना दोन हात अंतरावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. रस्त्यावर बॅनर लावायचा विचार असेल तर महापालिकेची परवानगी लागते. एवढ्या छोट्या शिबिराला त्याची गरज नाही.

भाषेचा प्रश्न घोडबंदरला येतोच. मराठी मजकूर आधी लिहा आणि हिंदी किंवा इंग्रजी वेगळ्या संदेशात पाठवा. एकाच संदेशात तीन भाषा टाकल्या की प्रत्येकाला दोन तृतीयांश मजकूर ओलांडावा लागतो.

कधी पाठवायचा

राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालतात, सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन मग मेमध्ये सुट्टी लागते. दोन्हीकडची मुलं हवी असतील तर मेचा पहिला आठवडा जुळतो. पण याच वेळी अर्धी सोसायटी कोकणात किंवा घाटावर गावी निघते. म्हणून मजकुरात दुसरी तुकडी असेल तर ती 'बॅच २' म्हणून नको, 'गावाहून आल्यावर, १ जूनपासून' अशी लिहा. वाचणाऱ्याला लगेच आपली जागा दिसते. जूनच्या तुकडीत पोडियमच्या खेळांचं वचन जपून द्या. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि वळिवाच्या सरी त्याआधीच येतात. 'पाऊस आला तर हॉलमध्ये सागरगोटे आणि कॅरम' एवढं वाक्य पुरतं.

पहिला संदेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास, जेवणं आटोपल्यावर. दुसरा आठ दिवसांनी, आणि तोच मजकूर परत नको. दुसऱ्यात फक्त गोधडीच्या नमुन्याच्या एका चौकोनाचा फोटो आणि किती जागा उरल्या तो आकडा. तिसरा पाठवू नका.

फोन वाजायला लागले की

नंबरापाशी एक वही ठेवा आणि प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न लिहा. पहिल्या प्रश्नावरून मजकुरात कुठे गळती आहे ते कळतं. "वेळ काय?" असं तीन-चार जणांनी विचारलं तर वेळ संदेशात खूप खाली आहे. "नक्की काय काय शिकवणार?" असं विचारलं तर तुमचं चित्र उभं राहिलेलं नाही, बहुधा कुणीतरी मध्ये पुन्हा यादी घुसवली आहे. "सुई लागणार नाही ना?" हा प्रश्न आला तर उत्तम. याचा अर्थ वाचणाऱ्याने आपलं मूल त्या कामाला बसलेलं पाहिलं. त्याचं उत्तर तयार ठेवा: सुई डबीत जाते, डबीतच परत येते, आणि रोज सकाळी मोजली जाते.

सगळ्यात अवघड फोन तो: "दहा दिवसांनी त्याचा मोबाईल सुटेल ना?" इथे हो म्हणण्याचा मोह होतो, समोरची व्यक्ती फी भरायला तयार असते. "ते सांगता येणार नाही. दहा दुपारी हातात दुसरं काम असेल, एवढं नक्की," असं म्हणा. काही जण फोन ठेवतील. ज्यांना मूल जेवत नाही, झोपत नाही, मोबाईल काढला तर मारायला धावतं असं काही सांगायचं असतं, त्यांना शिबिरापेक्षा बालरोगतज्ज्ञाकडे जायला सांगा. तसं मूल २४ जणांत आणून बसवलं तर चार मोठ्यांपैकी एक माणूस दिवसभर त्याच्यामागे राहतो, आणि त्या मुलाचंही भलं होत नाही.

सहा वर्षांच्या धाकट्या भावालाही घ्या असा आग्रह हमखास होतो. त्याच्या हाताला धावदोरा अजून जमत नाही आणि लगोरीत तो चेंडूच्या मध्ये येतो. वय मजकुरात लिहिलेलं असेल तर नाही म्हणणं सोपं जातं.

चोवीस नावं झाली की त्याच दिवशी ग्रुपवर लिहा: "४ मेची जागा भरली. १ जूनच्या तुकडीत ११ जागा आहेत." आणि सुरुवातीचा संदेश तुम्ही जिथे जिथे पिन करून ठेवला असेल तिथून काढून टाका, नाहीतर मेच्या मध्यापर्यंत फोन येत राहतात.